खिम्याला ७१ अंश, अख्ख्या तुकड्याला ६३: असं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात थंडी पडली की गंगापूर धरणाच्या बाजूच्या मळ्यांवर आणि घरांच्या गच्च्यांवर कोळशाच्या शेगड्या पेटतात. एकाच शेगडीवर सीख कबाब, चाप आणि कधी बोकडाची अख्खी रान, म्हणजे मांडी, असं सगळं भाजलं जातं. मग हमखास वाद होतो. चाप आतून गुलाबी चालतो, तर कबाब का नाही? खाली मुख्यतः बोकडाच्या मटणाबद्दल लिहिलं आहे, कारण आपल्याकडे खिमा म्हटलं की बहुतेक घरांत तेच येतं. सगळे अंश सेल्सिअसमध्ये आहेत आणि ते मांसाच्या पार मध्यभागचे आहेत, शेगडीचे किंवा ओव्हनचे नाहीत.

आधी आकडे सांगा. किती अंश हवेत?

घरगुती स्वयंपाकासाठी सगळ्यांत सरळ आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याचे आहेत. मटण, म्हैस किंवा डुक्कर यांचा अख्खा तुकडा असेल, म्हणजे चाप, स्टेक किंवा रान, तर मध्यभागी ६३ अंश आणि त्यानंतर किमान तीन मिनिटं न कापता ठेवणं. याच प्राण्यांचा खिमा असेल तर ७१ अंश. कोंबडी अख्खी असो, तुकडे असोत की खिमा, ७४ अंश.

आपल्याकडे अन्न सुरक्षेचे नियम करणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेच्या खानपान व्यवसायासाठीच्या तपासणी यादीत मांसाहारी पदार्थांना मध्यभागी ६५ अंश १० मिनिटं, ७० अंश २ मिनिटं किंवा ७५ अंश १५ सेकंद असे पर्याय दिले आहेत. त्यात खिमा आणि अख्खा तुकडा असा भेद नाही. हॉटेलवाल्याला तेच सोयीचं. दहा कामगारांना दोन नियम शिकवण्यापेक्षा एक कडक नियम पाळून घेणं सोपं जातं. घरी मात्र चाप किंवा स्टेक मुद्दाम रसाळ ठेवायचा असेल तर हा फरक कामाचा आहे, आणि तो उलटा लावला तर महागात पडतो.

एकाच बोकडाचं मांस आहे. मग खिम्याला आठ अंश जास्त कशासाठी?

जंतू कुठे बसलेले असतात, हा सगळा प्रश्न आहे. निरोगी जनावराच्या स्नायूच्या आत जंतू जवळजवळ नसतात. ते असतात कातडीवर, खुरांवर आणि आतड्यात. कातडी सोलताना, पोट फाडताना, सुरीवरून आणि हातांवरून ते मांसाच्या पृष्ठभागावर येतात. साल्मोनेला आणि ई. कोलाय यांचा रस्ता हाच. म्हणजे अख्ख्या तुकड्यावरची घाण ही बाहेरची घाण असते, आणि तो न टोचता, न चिरता ठेवला तर ती बाहेरच राहते.

आता हा तुकडा तापलेल्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर ठेवला की सगळ्यांत आधी तापतो तो पृष्ठभागच. मध्यभाग अजून ४० अंशांवर असतो तेव्हा बाहेरची बाजू शंभराच्या वर जाऊन करपायला लागलेली असते. तिथले जंतू काही सेकंदांत मरतात. मध्यभागाला मग फार मोठं काम उरत नाही. ६३ अंश आणि तीन मिनिटं हा तिथला राखीव बंदोबस्त.

खिमा करताना नेमकी ही व्यवस्था मोडते. दहा सेंटिमीटर बाजूचा मटणाचा चौकोनी गोळा धरा, वजनाला साधारण एक किलो. त्याचा बाहेरचा पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर. आता त्याचे अर्धा सेंटिमीटर बाजूचे बारीक तुकडे केले तर ते ८,००० होतात आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो १२,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वीसपट. यंत्रातून दोनदा काढलेला खिमा याहूनही बारीक असतो. जे आधी फक्त बाहेर होतं ते आता कणाकणाला लागलेलं असतं, आणि तोच खिमा मळून आपण सळईवर थापतो तेव्हा मूळच्या पृष्ठभागाचा काही भाग कबाबच्या बरोबर मध्ये जाऊन बसतो. तिथे निखाऱ्याची धग सगळ्यांत शेवटी पोचते.

म्हणून चापाच्या मध्यभागी ६३ अंश पुरतात, कारण तिथे मारायला फारसं काही नसतं. कबाबच्या मध्यभागी मात्र जे काही असेल ते सगळं त्या एका जागच्या उष्णतेनेच मारावं लागतं.

दुसरंही एक कारण आहे. अर्धा किलो चाप एकाच बोकडाचे असतात. खिम्यात मात्र दिवसभरातली छाट, कडेचे तुकडे आणि वेगवेगळ्या जनावरांचं मांस एकत्र येऊ शकतं. एकाच्या अंगावरचे जंतू मग यंत्रात एका वेळी काढलेल्या सगळ्या खिम्यात फिरतात.

ओळखीच्या खाटकाने माझ्यासमोर मांडीचं मटण कापून सत्तूरने खिमा करून दिला. तरी ७१च?

हो. समोर केलेल्या खिम्याचा फायदा नक्की आहे: एकच जनावर, ताजं मांस, आणि जंतूंना वाढायला कमी वेळ. पण पृष्ठभागावर आलेले जंतू कापण्याच्या वेळेच्या आधीच आलेले असतात. ज्या लाकडी ओंडक्यावर सकाळपासून मटण कापलं जातंय त्याच्या भेगांतही ते असतात. यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाच्या खिम्याचा उरलेला भाग जाळीत अडकलेला असतो, आणि तुमच्या खिम्याबरोबर पहिला बाहेर पडतो तो तोच.

घरी आणून खिमा चाळणीत धुणारे बरेच आहेत. त्याने रक्त जातं, जंतू जात नाहीत. उलट सिंकभर शिंतोडे उडतात आणि शेजारी ठेवलेली कोथिंबीर त्यात येते. धुवायचंच असेल तर अख्खं मटण धुवून, कोरडं करून मग त्याचा खिमा करून घ्या, पण तेही स्वच्छतेच्या समाधानासाठी. अंश कमी करण्यासाठी नाही.

एप्रिल-मेमध्ये नाशकात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुकानातून घरी येताना बर्फाची पिशवी किंवा थर्माकोलचा डबा न्या. गाडीच्या डिकीतला तासभर खिम्याला फार होतो. अख्ख्या तुकड्यावर जंतू फक्त बाहेर वाढतात, खिम्यात सगळीकडे.

खिम्याबद्दल एवढा कडकपणा आला कुठून?

१९८२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन आणि मिशिगन या राज्यांत हॅम्बर्गर खाऊन लोकांना रक्ताची हगवण लागली. तेव्हा ई. कोलाय ओ१५७:एच७ हा प्रकार पहिल्यांदा माणसाच्या आजाराशी जोडला गेला. हा जंतू गाई-म्हशी, मेंढ्या आणि शेळ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात राहतो. त्या जनावराला त्याचा काही त्रास होत नाही. माणसाला आजारी पाडायला मात्र त्याचे शंभराहूनही कमी जंतू पुरतात.

खरी खळबळ उडाली १९९३ मध्ये. एका बर्गर साखळीच्या कमी शिजलेल्या पॅटींमुळे ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. सगळ्यांत जास्त रुग्ण वॉशिंग्टन राज्यात होते. त्या राज्याचा नियम तेव्हाही पॅटी साधारण ६८ अंशांपर्यंत शिजवण्याचा होता, पण प्रत्यक्षात त्या तितक्या तापत नव्हत्या. पुढच्याच वर्षी कच्च्या गोमांसाच्या खिम्यात हा जंतू सापडणं म्हणजे भेसळ, असं तिथल्या कृषी खात्याने ठरवून टाकलं. अख्ख्या स्टेकला ते लावलं नाही. कारण वर सांगितलं तेच.

आपल्याकडे हॅम्बर्गरची जागा सीख कबाब आणि खिमा पॅटिसने घेतली आहे. आकार वेगळा, पण आत कुस्करलेलं मांस आणि बाहेर झटपट येणारी खरपूस साल, ही गोष्ट तीच.

कुठे ७० अंश दोन मिनिटं लिहितात, कुठे ७१ आणि वेळच नाही. बरोबर काय?

दोन्ही. जंतू एका ठरावीक अंशाला खटकन मरत नाहीत. उष्णता जितकी जास्त, तितका मरायला लागणारा वेळ कमी, आणि हा वेळ फार झपाट्याने घटतो. ब्रिटनच्या अन्न संस्थेने बरोबरीचे धरलेले पर्याय पाहा: ६० अंशांना ४५ मिनिटं, ६५ ला १० मिनिटं, ७० ला २ मिनिटं, ७५ ला ३० सेकंद आणि ८० ला ६ सेकंद. वीस अंशांत पाऊण तासाचा वेळ सहा सेकंदांवर येतो.

७१ हा आकडा घरच्या माणसासाठी केलेली सोय आहे. तिथे पोचेपर्यंत खिम्याचा मध्यभाग ६५ ते ७१ या पट्ट्यातून जातो, तेवढ्यातच पुष्कळ काम झालेलं असतं आणि घड्याळ बघत बसावं लागत नाही. पिशवीत हवाबंद करून पाण्यात मंद शिजवणाऱ्याकडे ६० अंश आणि ४५ मिनिटं हा मार्ग खुला आहे, पण ती ४५ मिनिटं मध्यभाग ६० वर पोचल्यानंतरची मोजायची. निखाऱ्यावरच्या सळईवर ६० अंश पाऊण तास स्थिर ठेवणं कोणालाच जमत नाही, म्हणून कबाबला ७१ धरून चाला.

रंग पाहून कळत नाही का? गुलाबीपणा गेला म्हणजे शिजलं?

खिम्याच्या बाबतीत नाही. ही समजूत सगळ्यांत चिवट आहे.

मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनाचा. ते तापून करडं-तपकिरी होतं हे खरं, पण किती अंशांना होईल हे मांस आधी किती वेळ हवेत राहिलं यावर अवलंबून असतं. खिमा हवेशी भरपूर मिसळलेला असतो. तो फ्रिजमध्ये एक-दोन दिवस राहिला की मायोग्लोबिनचं रूप आधीच बदललेलं असतं, आणि मग कबाब ५५ अंशांच्या आसपासच आतून पूर्ण तपकिरी दिसू शकतो. त्याची चव लागेल, तोडला तर शिजल्यासारखा वाटेल, आणि तरी तो सुरक्षित रेषेच्या पंधरा-सोळा अंश खाली असेल. अमेरिकी कृषी खात्याच्या सांगण्यानुसार चारांतला एक हॅम्बर्गर सुरक्षित तापमानाला पोचण्याआधीच तपकिरी होतो.

उलटंही घडतं. भरपूर कांद्याचा खिमा ७१ ओलांडूनही गुलाबी राहू शकतो, कारण भाज्यांतल्या नायट्रेट-नायट्राइटमुळे रंग पक्का होतो. शिवाय आपल्या कबाबमध्ये हळद आणि काश्मिरी मिरची असतेच. त्या लालीत मांसाचा रंग शोधणं म्हणजे अंदाजपंचे. पाझरणारा रस स्वच्छ आहे का, हातात घट्ट लागतो का, या खुणा चवीच्या बाबतीत उपयोगी आहेत. सुरक्षिततेसाठी सळईशेजारी थर्मामीटर ठेवा.

प्रत्यक्ष शेगडीवर हे कसं करायचं? एक उदाहरण द्या.

रविवारचा बेत धरू: एक किलो मटण खिम्याचे सीख कबाब आणि दीड किलोची एक रान. खिमा बारीक, दोनदा काढलेला, त्यात आलं-लसूण, कोथिंबीर, मीठ आणि पिळून कोरडा केलेला कांदा. कबाब साधारण तीन सेंटिमीटर जाडीचे, चपट्या लोखंडी सळयांवर. मिश्रण शेवटच्या क्षणापर्यंत फ्रिजमध्ये, कारण गार खिमा सळईला धरतोही चांगला.

शेगडीत निखारे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला विरळ पसरा. कबाब आधी भरपूर निखाऱ्यावर धरून फिरवत राहा. पाच-सहा मिनिटांत त्यांना रंग येईल, चरबी ठिबकायला लागेल, आणि घरातलं कोणीतरी म्हणेल, झाले की, काढा आता. याच क्षणी तपासायला सुरुवात करायची.

थर्मामीटरची टोकदार सळई कबाबच्या टोकाकडून, लांबीच्या दिशेने आत घाला. वरून खुपसली तर टोक पलीकडे निघेल. टोक लोखंडी सळईला टेकता कामा नये, कारण लोखंड मांसाहून जास्त तापलेलं असतं आणि आकडा खोटा चढा दिसतो. समजा तीन कबाब तपासले आणि आकडे आले ७३, ६९ आणि ६१. सरासरी काढू नका. ६१ वाला बहुतेक कडेचा असेल किंवा जाड थापला गेला असेल. बाकीच्यांबरोबर तोही रंगाने सारखाच काळपट दिसतोय, म्हणूनच तो धोक्याचा. सगळे विरळ निखाऱ्याच्या बाजूला सरकवा, म्हणजे साल करपणार नाही, आणि दोन मिनिटांनी त्याच सगळ्यांत थंड कबाबला पुन्हा विचारा. तो ७१ ला पोचला की सगळे कबाब उतरवा. प्रत्येक तपासणीच्या मध्ये थर्मामीटरचं टोक पुसून घ्या, नाहीतर ६१ च्या कबाबचा रस ७३ च्यात जाईल.

कबाब उतरवल्यावर आतली उष्णता वाढत राहील या भरवशावर ६७-६८ ला काढू नका. एवढ्या पातळ गोष्टीत साठवलेली धग फारशी नसते, वाऱ्यावर ती उलट झपाट्याने उतरते.

रानेचं गणित वेगळं. तिला आधी तेज आचेवर सगळ्या बाजूंनी रंग आणा, मग झाकण लावून किंवा १६० अंशांच्या ओव्हनमध्ये मंद शिजवा. थर्मामीटर सगळ्यांत जाड भागात, हाडाला न टेकवता. रसाळ, थोडी गुलाबी रान हवी असेल तर ६० च्या आसपास बाहेर काढा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मोठ्या तुकड्यात बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते आणि मध्यभाग तीन-चार अंश चढून ६३ ओलांडतो. थर्मामीटर आत ठेवूनच ते पाहा. ६३ दिसले नाहीत तर परत आचेवर. आपल्याकडची नेहमीची मऊ, हाडावरून सुटणारी रान हवी असेल तर हा प्रश्नच उरत नाही. तिला नव्वदीपर्यंत न्यावंच लागतं, कारण त्याखाली कूर्चा आणि शिरा लवकर विरघळत नाहीत.

जाता जाता, लोण्याच्या ब्रशबद्दल. कच्च्या कबाबवर फिरवलेला ब्रश लोण्याच्या वाटीत बुडतो आणि तेच लोणी शेवटी तयार कबाबवर चकाकी म्हणून लावलं जातं. ७१ पर्यंत नेण्याची सगळी मेहनत तिथे वाया जाते. शेवटच्या हाताला वेगळी वाटी आणि वेगळा ब्रश घ्या. कच्च्या खिम्याची परात आणि वाढायचं ताट यांचंही तेच.

थर्मामीटर कोणता घ्यावा, आणि तो खरं सांगतोय हे कसं कळणार?

टोकाशी सेन्सर असलेला, पातळ सळईचा डिजिटल थर्मामीटर. लांबून लाल ठिपका मारणारी बंदूक इथे निरुपयोगी, ती फक्त पृष्ठभाग मोजते, आणि खिम्याचा सगळा प्रश्न मध्यभागाचा आहे. तापाचा थर्मामीटर तर नकोच, तो ४२-४३ च्या पुढे जात नाही.

तपासायला बर्फाचा चुरा ग्लासभर घ्या, पोकळ्या भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा आणि टोक मध्ये धरा. काचेला टेकवू नका. शून्य यायला हवं, अर्धा-एक अंश इकडेतिकडे चालेल. उकळत्या पाण्यातही बघता येतं, पण तिथे नाशिककरांचा एक घोटाळा होतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. आकडा ९८ दिसला म्हणून थर्मामीटर बिघडला असं समजून परत करू नका. मुंबईत मात्र तोच १०० दाखवेल.

दोन अंश चुकत असेल तर तेवढे मनात धरून वापरा: शून्याच्या जागी दोन दाखवणाऱ्याला कबाबमध्ये ७३ येईपर्यंत थांबा.

खिमा-पावचा खिमा, खिमा-मटार, रस्सा यांनाही मोजायचं?

गरज नाही. सुटा करून परतलेला आणि रश्श्यात उकळलेला खिमा ९०च्या वर जातोच, कुकरमध्ये तर शंभरच्याही वर. फक्त परतताना गुठळ्या फोडा. मुठीएवढा गोळा तसाच राहिला तर तो आतून कच्चा राहू शकतो, तोही फक्त झटपट परतून काढला असेल तरच.

लक्ष द्यायचं ते आकार दिलेल्या पदार्थांकडे: सीख, कोफ्ते, कटलेट, पॅटिस, खिमा भरलेली ढोबळी मिरची. त्यातही कच्च्या खिम्याचे. शामी कबाबचा खिमा डाळीबरोबर आधीच शिजवून वाटलेला असतो, त्याला तळताना गरम होण्यापलीकडे काही लागत नाही. तेलात तळलेल्या कच्च्या खिम्याच्या कटलेटवर मात्र डोळा ठेवा. तेल १८० ला असलं की ब्रेडचा चुरा दोन-तीन मिनिटांत सोनेरी होतो, आतला खिमा तोवर जेमतेम कोमट झालेला असू शकतो. जाडी दीड सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि फ्रिजमधले कडक गार कटलेट थेट तेलात सोडताना आच मध्यम करा.

चापाला काट्याने भोकं पाडून दही-मसाला मुरवला तर तो अख्खा तुकडा की खिमा?

चांगला प्रश्न, फार कमी जण विचारतात. टोचलेला तुकडा खिम्याच्या बाजूचा धरा. प्रत्येक भोकाबरोबर पृष्ठभागावरचे जंतू आत ढकलले जातात. सुईने मसाला आत सोडणं, हातोडीने दातेरी ठोकून मऊ करणं, खोल चिरा देणं, मांस गुंडाळून दोऱ्याने बांधणं आणि मध्ये सारण भरणं, या सगळ्यांत बाहेरचं आत जातं. अमेरिकेत २०१६ पासून यंत्राने टोचलेल्या गोमांसावर तसं छापणं सक्तीचं झालं ते याचसाठी.

मी अशा चापाला सरळ ७१ लावते. नाशकात बहुतेक ठिकाणी चाप टोचून, कच्ची पपई चोळूनच मुरवतात, आणि पपईने मऊ झालेलं मांस त्या अंशालाही कोरडं लागत नाही. मुरवणं फ्रिजमध्येच. दही-लिंबाच्या आंबटपणाने जंतू मरतात ही समजूत सोडा, त्यांची वाढ थोडी मंदावते इतकंच.

चिकनला खिमा आणि तुकडा असा फरक का नाही?

कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर इतके सर्रास असतात, आणि सोलताना-धुताना कातडी, सांधे, पोकळी यांत इतके पसरतात, की पृष्ठभाग वेगळा आणि आतला भाग वेगळा असं मानण्यात अर्थ राहत नाही. म्हणून सगळीकडे ७४. कलेजीही आतून गुलाबी ठेवू नका, कोंबडीच्या कलेजीच्या आतही कॅम्पायलोबॅक्टर सापडतो.

६३ अंशांची गुलाबी रान सगळ्यांना चालेल?

नाही. वर म्हटलं की स्नायूच्या आत जंतू नसतात, ते जिवाणूंबद्दल खरं आहे. टॉक्सोप्लाझ्मासारखा परजीवी शेळी-मेंढीच्या स्नायूच्या आतच गाठी करून राहतो. ६७ अंशांना तो लगेच मरतो, ६३ ला त्याला वेळ लागतो, आणि म्हणूनच ती न कापता ठेवायची तीन मिनिटं गाळायची नाहीत. गरोदर बाई, लहान मूल, ऐंशीचे आजोबा किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारा कोणी ताटावर असेल, तर त्यांचा तुकडा ७१ पर्यंत न्या. रान कापून त्यांच्या फोडी तव्यावर परतल्या तरी चालतं.

डुकराच्या अख्ख्या तुकड्याचा अमेरिकी आकडा २०११ मध्ये ७१ वरून ६३ वर आणला गेला, पण तो तिथल्या बंदिस्त पाळलेल्या, तपासलेल्या डुकरांना समोर ठेवून. मोकाट फिरणाऱ्या डुकराच्या मांसात फीतकृमीच्या गाठींची शक्यता राहते. खात्रीचा पुरवठा नसेल तर ते पूर्ण शिजवा, गुलाबीचा नाद नको.

कबाब कच्चा राहिला होता हे खाल्ल्यावर कळलं. आता काय?

एका कच्च्या कबाबने आजार होतोच असं नाही. ओ१५७ची लक्षणं सहसा तीन-चार दिवसांनी येतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ठीक वाटलं म्हणून विषय संपत नाही. पोटात जोराची कळ आणि शौचातून रक्त आलं तर डॉक्टरकडे जा आणि काय खाल्लं ते सांगा. हगवण थांबवणाऱ्या गोळ्या किंवा घरात पडलेली अँटिबायोटिक्स स्वतःहून घेऊ नका, या जंतूच्या बाबतीत त्यांनी प्रकृती बिघडू शकते. पाच वर्षांखालच्या मुलाला हगवणीनंतर लघवी कमी झाली, चेहरा फिकट पडला तर थांबू नका, मूत्रपिंडावर परिणाम झाल्याची ती खूण असते.

७१ ला नीट शिजवलेले कबाब संध्याकाळभर टेबलावर ठेवले तर?

दोन तासांच्या वर नको, मेच्या उकाड्यात एक तासच. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्ससारख्या जंतूंची बीजं शिजवण्याने मरत नाहीत. मांस कोमट झालं की ती उगवतात, आणि त्यांना प्रतिस्पर्धी जंतू तुम्ही आधीच मारून ठेवलेले असतात. गरम ठेवायचे असतील तर ६० अंशांच्या वर, म्हणजे विरळ निखाऱ्याच्या कडेला झाकून. नाहीतर पसरून गार करून फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी गरम करताना पुन्हा मध्यभागी ७४ पर्यंत न्या. थंडगार कबाब तव्यावर नुसता बाहेरून चटका देऊन खाण्यात काही राम नाही. तव्यात दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवलं की तो कोरडाही पडत नाही.